आकाशगंगा : पट्टा व आकारनिश्चिती

आकाशगंगा : अंधाऱ्या, निरभ्र रात्री वृश्चिक, धनू, गरुड, हंस, शर्मिष्ठा इ. तारकासमूहांतून जाणारा फिकट प्रकाशाचा पट्टा. तसेच हा पट्टा ज्या दीर्घिकेमुळे दिसतो ती आपली दीर्घिका. पट्ट्याचे पूर्ण वर्तुळ खगोलाभोवती पसरले असून एका वेळी त्याचा साधारण अर्धा भाग क्षितिजावर असतो.

दीर्घिकेतील बहुतेक तारे एका चपट्या तबकडीत आहेत. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे मानला जातो (काही अंदाज याहून मोठे आहेत). जाडी त्या मानाने फारच कमी, हजार प्रकाशवर्षांच्या घरात आहे. सूर्य या तबकडीतच आहे. त्यामुळे तबकडीच्या पातळीत पाहिले, की दृष्टिरेषेत असंख्य दूरचे तारे येतात व त्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो. पातळीशी काटकोनात पाहिले, तर दृष्टी थोड्याच अंतरात तबकडीबाहेर पडते. गॅलिलीओ यांनी १६१० मध्ये दुर्बिणीतून हा पट्टा ताऱ्यांचाच बनलेला असल्याचे नोंदवले. पट्टा आकाशाचे जवळजवळ समान दोन भाग करतो, यावरून सूर्य मध्यपातळीच्या अगदी जवळ असला पाहिजे हे उघड होते.

पातळी अशी सहज कळते. केंद्र कोठे आहे हे मात्र दीर्घकाळ वादाचे राहिले. विल्यम हर्शेल यांनी सुमारे सातशे ठिकाणी दुर्बीण रोखून दृष्टिक्षेत्रातील तारे मोजले व १७८५ मध्ये दीर्घिकेचा छेद रेखाटला. तारे सर्वत्र सारख्या दाटीने विखुरले आहेत आणि दुर्बीण शेवटच्या ताऱ्यापर्यंत पोहोचते, ही त्यांची दोन गृहीतके होती. ती मान्य केल्यास ताऱ्यांची संख्या खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: एका क्षेत्रात १० व दुसऱ्यात ८० तारे दिसले, तर दुसऱ्या दिशेची सीमा दुप्पट लांब. या छेदात सूर्य मध्याजवळ आला. पुढे अधिक मोठ्या दुर्बिणीतून आणखी तारे दिसू लागले, तेव्हा खुद्द हर्शेल यांचाच या गृहीतकांवरील विश्वास उडाला. तरीही १९२२ मध्ये याकोबस काप्टाइन यांनी बऱ्याच सुधारित तारागणनेतून मांडलेल्या प्रारूपातही सूर्य केंद्रापासून जेमतेम दोन हजार प्रकाशवर्षांवर होता.

त्याआधीच, १९१८ च्या सुमारास, हार्लो शॅप्ली यांनी वेगळा मार्ग धरला होता. गोलाकार तारकागुच्छ पट्ट्याच्या बरेच वर-खाली आढळतात, पण त्यांची गर्दी धनू राशीच्या बाजूला आहे. गुच्छांतील रूपविकारी, म्हणजे तेजस्विता बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांवरून अंतरे काढून शॅप्ली यांनी गुच्छसमूहाचा मध्य तोच दीर्घिकेचा मध्य मानला. सूर्य केंद्रापासून फार दूर आहे हा त्यांचा निष्कर्ष टिकला. त्यांनी दिलेले अंतर मात्र आजच्या मूल्याच्या सुमारे दुप्पट होते.

दोन्ही मतांतील विसंगतीचे मूळ आंतरतारकीय धुळीत होते. रॉबर्ट ट्रंपलर यांनी १९३० मध्ये खुल्या तारकागुच्छांची अंतरे ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून काढली आणि त्यांवरून गुच्छांचे खरे व्यास मोजले. तेव्हा सारख्या घडणीचे गुच्छ जितके दूर, तितके मोठे निघू लागले. सूर्यापासूनच्या अंतरानुसार गुच्छ वाढत जावेत याला भौतिक कारण नाही. म्हणजे प्रकाश वाटेत क्षीण होत होता आणि अंतरे फुगत होती. ही क्षीणता त्यांनी दर हजार पार्सेकला (सु. ३,२६० प्रकाशवर्षे) ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या मापातील सुमारे दोन-तृतीयांश प्रत इतकी काढली, तेवढ्या प्रवासात निळसर प्रकाश जवळपास निम्मा उरतो. धूळ पातळीत सर्व दिशांना दृष्टी अडवते, म्हणून तारे मोजणारा निरीक्षक स्वतःला मध्यभागी समजतो. हंसापासून दक्षिणेकडे पट्टा दुभंगलेला दिसतो, तेथेही तारे नाहीत असे नसून पुढे धुळीचे ढग आहेत. केंद्राकडून येणारा दृश्य प्रकाश तर जवळजवळ पूर्ण अडतो. आज केंद्राचे अंतर सुमारे २६–२७ हजार प्रकाशवर्षे धरतात.

धूळ भेदणाऱ्या २१ सेंमी. तरंगलांबीच्या हायड्रोजन प्रारणाचा शोध १९५१ मध्ये लागल्यावर तबकडीत वळसे घेत पसरलेल्या सर्पिल भुजांचे आलेखन शक्य झाले. या पद्धतीत वायूच्या वेगावरून अंतर ठरवतात. सूर्याच्या कक्षेच्या आत एकाच दिशेतील एका वेगाला जवळचे व दूरचे अशी दोन अंतरे जुळतात. केंद्राच्या दिशेला वायूची गती दृष्टिरेषेला आडवी असल्याने पद्धत निरुपयोगी ठरते. त्यामुळे नकाशे एकमेकांशी जुळत नसत. मध्यभागी ताऱ्यांचा दांडा आहे, हे अवरक्त निरीक्षणांवरून १९९० नंतर सर्वसाधारणपणे मान्य झाले. मुख्य भुजा दोन की चार, याबद्दल मतभेद आहेत: जुन्या ताऱ्यांच्या अवरक्त गणनेत दोन ठळक दिसतात, तर वायू व तरुण तारे चार सुचवतात. तारे जेथे जन्मतात त्या प्रदेशांची पराशयावरून, म्हणजे पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे दिसणाऱ्या स्थानबदलावरून, थेट मोजलेली अंतरे चार भुजांच्या बाजूने झुकतात. मात्र अशी बहुतेक मोजमापे केंद्राच्या अलीकडची आहेत. पलीकडील एका प्रदेशाचे, सुमारे ६६ हजार प्रकाशवर्षांचे, अंतर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.