ज्येष्ठांचे वार्षिक तपासणी वेळापत्रक

वयाच्या पासष्टीच्या आसपास किंवा त्यापुढे असलेल्या व्यक्तीने वर्षभरात कोणत्या वैद्यकीय तपासण्या केव्हा करायच्या आणि प्रत्येक तपासणीआधी किती दिवस काय पाळायचे, याची आखणी. या आखणीला दोन बाजू असतात. एक तपासणीची पाळी, म्हणजे ती किती महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा करायची ते. दुसरी पूर्वतयारी : उपाशी राहणे, एखादी गोळी थांबवणे, सोबत कुणाला तरी नेणे. पाळी बहुतेक घरांत लिहून ठेवलेली असते. पूर्वतयारीची आठवण मात्र रक्त काढायला बसल्यावर होते. एकच तपासणी दोनदा करावी लागते ती बहुधा यामुळेच. म्हणून वेळापत्रक आखताना आधी तयारीचे दिवस मांडावेत आणि त्यांना धरून तपासणीची तारीख ठरवावी, हे अधिक सोयीचे.

पाळी कशावरून ठरते

जे मोजायचे ते शरीरात किती वेगाने बदलते, त्यावर पाळी अवलंबून असते. एचबीएवनसी ही तपासणी तांबड्या रक्तपेशींना चिकटलेली साखर मोजते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे आकडा साधारण गेल्या तीन महिन्यांचा असतो. औषध बदलले असेल तर ती तीन महिन्यांनी करतात आणि साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. महिन्याभरातच पुन्हा केली, तर त्या आकड्यात जुन्या औषधाचे दिवस मिसळलेले असतात. थायरॉइडच्या गोळीचे अर्धायुष्य सुमारे एक आठवडा असते आणि थायरॉइडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक स्थिरावायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात, आणि एकदा बसली की वर्षातून एकदा पुरते.

हाडांची घनता फार हळू बदलते. डेक्सा तपासणी दोन वर्षांच्या आत पुन्हा केली, तर दिसणारा फरक हाडातला की यंत्राच्या मोजमापातला, हे सहसा सांगता येत नाही. मोठ्या आतड्यातील गाठी कर्करोगापर्यंत पोचायला बरीच वर्षे घेतात, म्हणून निर्दोष निघालेली कोलोनोस्कोपी दहा वर्षे चालते. याच कामासाठी शौचातील अदृश्य रक्त शोधणारी फिट चाचणी केली, तर ती मात्र दरवर्षी करावी लागते. अशी गाठ रोज रक्त सोडत नाही आणि एका नमुन्यात ती निसटू शकते.

तयारीचे दिवस

सगळ्यात परिचित तयारी उपवासाची. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान ८ तास आणि चरबीच्या तपासणीसाठी ९ ते १२ तास काही न खाणे, एवढाच तिचा अर्थ. साधे पाणी प्यावे. ज्येष्ठांच्या बाबतीत पाणी मुद्दाम सांगावे लागते, कारण पाण्याविना रात्र काढली की शीर सापडत नाही आणि क्रिएटिनिन थोडे चढलेले दिसते. मग मूत्रपिंडाची उगाच चिंता सुरू होते. एचबीएवनसी आणि टीएसएचला उपवास लागत नाही. चरबीची तपासणीही अनेकदा जेवल्यावर चालते. ट्रायग्लिसराइड फार जास्त निघाले तरच ती उपाशीपोटी पुन्हा करतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र उपवास धोक्याचा ठरू शकतो. नेहमीची मात्रा घेऊन माणूस उपाशी रांगेत बसला, तर साखर ७०च्या खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे विसंगत होते. अशा वेळी तपासणीचा विचार सोडून १५ ग्रॅम साखर द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. या व्यक्तींनी सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि मात्रेचे काय करायचे ते डॉक्टरांकडून आदल्या भेटीतच लिहून घ्यावे. रक्तदाबाची गोळी सहसा पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घेतात. ती चुकवली की त्याच दिवशी मोजलेला रक्तदाब खोटा चढा येतो.

केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन अनेकांच्या ध्यानातच येत नाही. जास्त मात्रेतील बायोटिन टीएसएच मोजण्याच्या काही पद्धतींत सरळ ढवळाढवळ करते आणि थायरॉइड अतिक्रियाशील असल्यासारखे चित्र उभे करते. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे. तो डबा औषधांत मोजला जात नसल्याने ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात तो येत नाही. म्हणून वेळापत्रकात त्याचे नाव वेगळे लिहावे. कॅल्शियमच्या गोळ्या डेक्साच्या आधी २४ तास थांबवतात, कारण न विरघळलेली गोळी कण्याच्या चित्रावर हाड म्हणून मोजली जाऊ शकते.

आजारपणानंतरचे दिवस हीदेखील एक प्रकारची तयारीच. जोराचा ताप, न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर कोलेस्टेरॉल काही आठवडे खाली गेलेले असते आणि टीएसएचही हलते. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचे जड श्रम यांनीही वाढते. त्यामुळे तारीख आली म्हणून आजारातून उठताच तपासणीला जाण्यात अर्थ नसतो; ती महिनाभर पुढे ढकलावी.

एक आखणी

समजा ६८ वर्षांच्या एका स्त्रीला मधुमेह आहे आणि त्यासाठी ती मेटफॉर्मिन घेते. सोबत थायरॉइडची, रक्तदाबाची, कॅल्शियमची आणि अलीकडे सुरू झालेली लोहाची गोळी आहे. तिचे वर्ष जानेवारीतल्या मोठ्या रक्ततपासणीने सुरू होते : रक्तपेशी, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, क्रिएटिनिन, चरबी, टीएसएच आणि ब१२ जीवनसत्त्व. ब१२ यात आहे ते मेटफॉर्मिनमुळे. दीर्घकाळ घेतल्यास ते कमी होऊ शकते. कागदावर तारखेच्या तीन दिवस आधी ‘बायोटिन बंद’, आदल्या रात्री ‘नऊनंतर फक्त पाणी’ आणि त्या सकाळी ‘अल्ब्युमिनसाठी पहिल्या लघवीचा नमुना बाटलीत, रक्तदाबाची गोळी घ्यायची, थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर, मेटफॉर्मिन खाण्याबरोबर’ असे लिहिलेले असते. इथे एवढ्या ओळी पुरतात.

फेब्रुवारीत डोळ्यांची तपासणी. मधुमेहात दृष्टिपटल दरवर्षी पाहावे लागते आणि त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड टोचतो. म्हणून कागदावर ‘गडद चष्मा, सोबत कुणीतरी, गाडी चालवायची नाही’ अशी नोंद. या वयात त्या धूसर तासांत जिन्यावर पडणे हाच तपासणीपेक्षा मोठा धोका ठरू शकतो.

मार्चमध्ये मॅमोग्राफी आणि डेक्सा एकाच सकाळी बसवता येतात, कारण दोन्हींच्या तयाऱ्या एकमेकींना अडवत नाहीत. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा सुगंधी द्रव्य लावायचे नाही. त्यातले कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटू शकतात. दोन्ही तपासण्या या स्त्रीला एक वर्षाआड आहेत, तेव्हा पुढच्या वर्षीचा मार्च मोकळा राहतो. लसीचा मात्र हिशेब ठेवावा लागतो. दंडात लस घेतल्यावर त्या बाजूच्या काखेतील गाठी काही आठवडे सुजलेल्या असू शकतात आणि मॅमोग्राफीत त्या शंकास्पद दिसतात. तिने फ्लूची लस सप्टेंबरात ठेवली, त्यामुळे दोन्हींत पुरेसे अंतर पडले.

जुलैत एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन पुन्हा. त्याआधीच्या आठवड्यात घरी रक्तदाब मोजायचा : सकाळी व संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, दंड छातीच्या पातळीवर टेकवून, दर वेळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी घेतात. एकदा उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटालाही मोजावा; वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्कर येण्याचे कारण तिथेच सापडू शकते.

समजा या जुलैत तिचे एचबीएवनसी ७.६ वरून ७.० वर आले. घरात साहजिकच पथ्याचे कौतुक होईल. पण लोहाची गोळी जानेवारीनंतर सुरू झालेली आहे. लोह कमी असताना रक्तपेशी जास्त दिवस टिकतात, त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो आणि आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा वर दिसू शकतो. लोह मिळून नव्या पेशी आल्या की तोच आकडा खाली येतो. साखर तिथल्या तिथेच असली तरी. यातून मार्ग काढण्यासाठी घरी मोजलेल्या साखरेची वही बघावी. उपाशीपोटीचे आकडे दोन्ही काळांत सारखेच असतील, तर सुधारणा रक्तक्षयातली समजावी. आकड्यांशेजारी ‘लोह सुरू’ ही नोंद व तारीख नसेल, तर ही शंकाच कुणाला येणार नाही.

ऑक्टोबरात फिट चाचणी. तिला आहाराचे पथ्य नाही. फक्त मूळव्याधीतून रक्त जात असेल तर ते थांबेपर्यंत नमुना घेऊ नये. चाचणी सकारात्मक आली तर ‘एकदा पुन्हा करून बघू’ हा मोह टाळावा. दुसरी नकारात्मक आली तरी पहिलीचा अर्थ पुसला जात नाही, पुढची पायरी कोलोनोस्कोपीच असते. ती करायची ठरली तर तयारी दिवसांत मोजावी लागते. लोहाची गोळी पाच ते सात दिवस आधी बंद, कारण ती शौच काळे आणि चिकट करते व आतड्याचे अस्तर झाकते. शेवटचे एक ते तीन दिवस चोथा कमी असलेला आहार, आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रवपदार्थ, आणि जुलाबाचे औषध दोन भागांत : अर्धे आदल्या संध्याकाळी, अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे काय करायचे ते डॉक्टरच ठरवतात. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून कधीही थांबवू नयेत. जुलाबात पाणी आणि क्षार जातात, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी यानंतर पंधरवडा तरी लांब ठेवावी.

कुठे थांबायचे

वेळापत्रकात भर घालणे सोपे असते, वगळणे कुणी सुचवत नाही. तरी वगळायला आधार आहेत. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाच्या शिफारशींत मॅमोग्राफी ७४ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आहे. आतड्याच्या कर्करोगाची चाळणी, म्हणजे लक्षणे नसताना करायची तपासणी, सरसकट ७५ पर्यंत, ७६ ते ८५ दरम्यान व्यक्ती पाहून आणि त्यापुढे नाही. लक्षणे नसलेल्या सत्तरीपुढच्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची पीएसए चाळणी करू नये, असे त्याच मंडळाने २०१८ मध्ये सांगितले. या मर्यादा चाळणीच्या आहेत. शौचातून रक्त जाऊ लागले तर वय नव्वद असले तरी तपास करावाच लागतो. चाळणीचा फायदा मिळायला वर्षे लागतात, त्रास मात्र लगेच होतो, हे थांबवण्यामागचे साधे गणित. फार थकलेल्या व्यक्तीच्या कागदावर रक्तदाब, साखर, दृष्टी, ऐकणे, वजन आणि औषधांची फेरतपासणी एवढेच उरते, आणि त्यांतल्या ऐकण्याच्या तपासणीआधी कानातला मळ काढून घ्यावा लागतो.