रात्रपाळीचे ७५, सकाळचे ५०

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना तीन पाळ्या नव्या नाहीत. नाशिकमध्ये आयटी हेल्पडेस्क आणि कॉल सेंटर आली, तेव्हा त्यांना शिफ्ट इनचार्ज, हँडओव्हर, रात्रपाळीचा भत्ता सगळं आयतंच मिळालं. एक गोष्ट मात्र गेटच्या आतच राहिली. यंत्रावरच्या कामगाराचं उत्पादन मोजताना कोणी नुसते नग मोजत नाही. प्रत्येक पार्टचा ठरलेला वेळ असतो. साधं बुश आणि गिअरबॉक्सचं हाऊसिंग दोन्ही 'एक नग' धरलं, तर दुपारपर्यंत युनियनचे लोक मॅनेजरच्या केबिनमध्ये असतील. ही पद्धत जुनी आहे. १९१० च्या दशकातच चार्ल्स बेडो यांनी कामाचं प्रमाण 'मिनिट' हे एकक धरून, त्यात विश्रांतीचा वाटाही मिळवून मोजायला सुरुवात केली होती. हेल्पडेस्कवर नग म्हणजे तिकीट, ग्राहकाची नोंदवलेली एकेक तक्रार. तिथे नगांची मोजणी आली, ठरलेला वेळ आला नाही.

तिकिटामागे लागणारा सरासरी वेळ, म्हणजे एएचटी, हा आकडा टेलिफोनच्या जगातून आला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नेर एर्लांग यांनी १९०९ आणि १९१७ च्या लेखांत एक व्यावहारिक प्रश्न सोडवला: फोन करणाऱ्याला फार ताटकळावं लागू नये म्हणून किती लाइन लागतील? त्यासाठी कॉल किती येतात आणि एक कॉल सरासरी किती वेळ लाइन अडवतो, एवढं पुरे होतं. कुठली ऑपरेटर चटपटीत आणि कुठली संथ, हा त्या गणिताचा विषयच नव्हता. आजही किती माणसं बसवायची हे ठरवायला एएचटी उत्तम आहे. त्याच आकड्यावर पाळ्यांना गुण द्यायला लागलो की घोळ होतो.

तो कसा, ते हिशोबातच पाहू. समजा, एका रात्री ७५ तिकिटं बंद झाली: ६० पासवर्डची, प्रत्येकी ६ मिनिटं, आणि १५ बिलातल्या तफावतीची, प्रत्येकी ३० मिनिटं. एकूण ८१० मिनिटं, सरासरी १०.८. सकाळच्या पाळीने ५० बंद केली: २० पासवर्डची ५ मिनिटांत, ३० तफावतीची २५ मिनिटांत. एकूण ८५० मिनिटं, सरासरी १७. फळ्यावर रात्रपाळी दोन्ही रकान्यांत पुढे. पण नीट बघा, दोन्ही प्रकारच्या कामांत सकाळची पाळीच वेगवान आहे! तिच्या वाट्याला अवघड कामं जास्त आली, एवढंच.

आता कारखान्यासारखा ठरलेला वेळ लावू: पासवर्डला ६ मिनिटं, तफावतीला २८. सकाळच्या पाळीने ९६० मिनिटांचं काम ८५० मिनिटांत केलं, म्हणजे ११३ टक्के. रात्रपाळीने ७८० मिनिटांचं काम ८१० मिनिटांत, म्हणजे ९६ टक्के.

नुसत्या मोजणीचा माणसांवर काय परिणाम होतो, हे पीटर ब्लाउ यांच्या १९५५ च्या अभ्यासात दिसतं. अमेरिकेतल्या एका सरकारी रोजगार कार्यालयात मुलाखतींची संख्या मोजत, तेव्हा कर्मचारी माणसाला नोकरी शोधून देण्यापेक्षा मुलाखती उरकत. मग किती जणांना नोकरी मिळाली ते मोजू लागले, तर काही जण रिकाम्या जागांच्या चिठ्ठ्या सहकाऱ्यांपासून लपवू लागले.

हेल्पडेस्कवर उरकाउरकीला लगाम म्हणून पुन्हा उघडलेल्या तिकिटांचं प्रमाण आलं. हेतू चांगला, पण पाळ्यांच्या तुलनेत हाच आकडा सर्वात फसवा, असं माझं मत. रात्री दोनला 'सोडवलं' म्हणून बंद केलेलं तिकीट ग्राहक सकाळी नऊला पाहतो आणि परत उघडतो. आज पुन्हा उघडलेली भागिले आज बंद केलेली, असा हिशोब असेल तर डाग सकाळच्या पाळीवर. त्याहून चलाख प्रकार म्हणजे जुनं न उघडता ग्राहकाकडून नवं तिकीट काढून घेणं. प्रमाण शून्य राहतं आणि बंदची संख्या एकाऐवजी दोन होते. म्हणून पुनरुघडणी मूळ तिकीट बंद करणाऱ्या पाळीच्या खात्यात धरावी, आणि त्याच ग्राहकाची त्याच प्रकारची तक्रार सात दिवसांत आली तर तीही मोजावी. यातही एक अडचण उरते: रात्रपाळीने लॉग काढले, सकाळने कारण शोधलं, दुपारने बटण दाबलं, तर नाव दुपारचंच लागतं. हँडओव्हरच्या नोंदीत कोणी काय केलं ते लिहिलं असेल तरच मिनिटं वाटून देता येतात.

ठरलेल्या वेळेलाही पळवाट आहेच. तिकिटाचा प्रकार बंद करणाऱ्याने निवडायचा असेल, तर पासवर्डची तिकिटं हळूहळू 'तफावत' होऊ लागतात. प्रकार तिकीट उघडतानाच नोंदवावा आणि दर आठवड्याला थोडी तिकिटं दुसऱ्या पाळीच्या इनचार्जने तपासावीत. आणि रात्री तफावतीची पंधराच तिकिटं असतील, तर त्यातलं दोन तास खाणारं एकच तिकीट टक्केवारी बदलून टाकतं. एका रात्रीवरून निकाल देऊ नये, किमान महिन्याभराची बेरीज घ्यावी.