हेगचा निकाल आणि गोव्याची फाईल

दर 19 डिसेंबरच्या आसपास गोव्यात एक दावा हमखास कानावर येतो: पोर्तुगालने हेगमध्ये खटला जिंकला होता, भारताने निकाल धुडकावला आणि सुरक्षा परिषद गप्प बसली. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे, आणि म्हणून पुढचं सगळंच डळमळतं.

मुळात हा खटला गोव्याचा नव्हताच. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. दमणहून तिथे पोचायचं तर भारताच्या हद्दीतूनच जावं लागे आणि ती वाट भारताने बंद केली. डिसेंबर 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य होताच, काही दिवसांतच पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. निकाल लागला 12 एप्रिल 1960 रोजी. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क 1954 मध्ये होता, असं न्यायालयाने मान्य केलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी मात्र तो हक्क नव्हता. शिवाय 1954 च्या तणावात वाट रोखून भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, असंही ठरलं. भारताने काही करावं असा हुकूमच नव्हता, मग अंमलबजावणी कशाची करायची?

असा हुकूम निघाला आणि तो पाळला गेला नाही, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 94 व्या कलमाखाली दुसरा पक्ष सुरक्षा परिषदेकडे जाऊ शकतो. पण परिषद 'आवश्यक वाटल्यास' शिफारस करू शकते किंवा उपाय ठरवू शकते. म्हणजे तिच्यावर सक्ती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या काळात याच प्रसंगी तिथल्या कौन्सिलने उपाय सुचवलेच पाहिजेत अशी भाषा होती; 1945 मध्ये ती सैल झाली.

18 डिसेंबर 1961 ला पोर्तुगाल परिषदेत गेला तो आक्रमणाची तक्रार घेऊन. 1960 च्या निकालाची अंमलबजावणी हा तिथला विषय नव्हता. युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावाला 7 मतं पडली, विरोधात 4. त्या चारांतलं एक मत सोव्हिएत संघाचं, म्हणजे नकाराधिकाराचं, असल्याने ठराव बारगळला.

तोच नकाराधिकार 25 वर्षांनी थेट न्यायालयाच्या निकालाच्या आड आला. 27 जून 1986 ला निकाराग्वाच्या खटल्यात अमेरिका दोषी ठरली आणि तिने नुकसानभरपाई द्यावी असं ठरलं. निकाराग्वाने ऑक्टोबरमध्ये 94 वं कलम पुढे करून परिषदेचं दार ठोठावलं. ठरावाच्या बाजूने 11, तटस्थ 3, विरोधात एकटी अमेरिका. वादातल्या पक्षाने मतदान करू नये हे बंधन सनदेत आहे, पण ते मुख्यतः शांततामय तोडग्याच्या प्रकरणापुरतं. अमेरिकेने मत दिलं आणि ठराव पडला. आमसभेने पाठिंब्याचा ठराव केला, पण त्याला बळ शिफारशीचंच. 1990 मध्ये निकाराग्वात सरकार बदललं आणि पुढच्या वर्षी नव्या सरकारने खटला मागे घेतला. भरपाईची रक्कम न्यायालयाने शेवटपर्यंत ठरवलीच नाही.