अडलेला शब्द सोडून पुढे वाचताना

अँथनी बर्जेसची ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ ही इंग्रजी कादंबरी १९६२ साली आली. तिचा निवेदक ॲलेक्स हा एका गुंड टोळीतला पोरगा. रशियन भाषेवरून घडवलेले दोनशेहून अधिक शब्द तो बोलण्यात सर्रास मिसळतो. बर्जेसने मात्र पुस्तकामागे शब्दार्थांची यादी जोडली नव्हती. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली याचाच फायदा घेतला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना त्यांनी ही कादंबरी वाचायला दिली. शब्दांची परीक्षा होणार हे सांगितलं नव्हतं. नंतर ९० शब्दांचे अर्थ पर्यायांतून निवडायला लावले, तेव्हा सरासरी ७६ टक्के उत्तरं बरोबर आली.

हे घडतं कसं? ‘गलिव्हर’ हा शब्द घ्या. शाळा बुडवायची असते तेव्हा ॲलेक्स आईला सांगतो की आपला गलिव्हर दुखतोय. एवढ्यावरून तो शरीराचा एखादा भाग असणार हे कळतं, पण पोट की डोकं ते कळत नाही. पुढे हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी एकेक शक्यता गळते आणि ‘डोकं’ तेवढं उरतं. ‘हॉररशो’ तर आधी सरळ चकवतो. ऐकायला भयानक वाटतो, पण ॲलेक्स तो आवडत्या गोष्टींसाठी वापरतो. पहिला अंदाज वाक्यात बसेनासा होतो आणि वाचक तो आपसूक बदलतो, कारण ‘हॉररशो’चा खरा अर्थ आहे ‘चांगलं’. पहिल्या भेटीत हातात काहीच न लागणं ही इथली रीतच आहे. वारंवार येणारे शब्द या प्रयोगातही अधिक लोकांना कळले होते.

आता जे शब्द परत येतच नाहीत त्यांचं काय? मोठ्या कादंबरीत असे शब्द विलक्षण संख्येने असतात. ‘मोबी डिक’ या व्हेलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावरच्या इंग्रजी कादंबरीत सुमारे दोन लाख दहा हजार शब्द आहेत. त्यांतले वेगवेगळे शब्द साधारण सतरा हजार, आणि त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक शब्द संपूर्ण पुस्तकात एकदाच येतात. पन्नासात एक शब्द अनोळखी धरला तर एकूण ४,२०० वेळा अडायला होईल. दर वेळी कोश उघडायला अर्धा मिनिट लागला, तर नुसत्या कोशातच ३५ तास जातील. शिवाय लांब वाक्याच्या मध्येच थांबलं की वाक्याचा आधीचा भाग मनातून निसटतो आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. जहाजाच्या दोरखंडाच्या एखाद्या प्रकाराचं नाव, तेही एकदाच येणारं, एवढी किंमत मोजण्याजोगं नसतं.

पण या सवलतीला अट आहे. क्लॉकवर्कच्या वाचकांना बाकीची इंग्रजी पूर्ण येत होती, आणि पर्यायांतून अर्थ ओळखणं हे स्वतः आठवण्यापेक्षा सोपं असतं. नेशन यांनीच २००० साली हू या सहकाऱ्याबरोबर इंग्रजी शिकणाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. एका गोष्टीत त्यांनी ठरावीक प्रमाणात बनावट शब्द पेरले. पाचात एक शब्द अनोळखी झाला तेव्हा गोष्ट पुरेशी कुणालाच कळली नाही. विसात एक असताना काहींना जमलं, बहुतेकांना नाही. अभ्यासकांनी साधारण पन्नासात एक हे प्रमाण आधाराला धरलं ते यावरून. म्हणून वाचायला घेण्याआधी ३०० शब्दांचं एक पान मोजावं. सहाएक शब्द अडले तर खुशाल पुढे जावं. पंधरा अडले तर अंदाज बांधायला आजूबाजूला पुरेसा आधारच नसतो. अशा वेळी ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावं हे माझं स्पष्ट मत आहे. पान मोजताना सुरुवातीचं एकच पान घेऊ नये, मधलंही एक घ्यावं. लेखकाचे ठेवणीतले शब्द पहिल्या प्रकरणांत नवे असतात, पुढे सवयीचे होतात.

वाचताना अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब करावं आणि थांबू नये. प्रकरण संपल्यावर ज्याखाली दोन-तीनदा टिंब पडलं असेल तेवढाच शब्द कोशात बघावा. मात्र परिच्छेद वाचून झाल्यावर कुणी कुणाला काय केलं हेच सांगता येत नसेल, तर तिथल्या तिथे कोश उघडावा.

मुरलेल्या वाचकाला खरा दगा अनोळखी शब्द देत नाही, ओळखीचा वाटणारा देतो. अनोळखी शब्दापाशी निदान पाय अडखळतो. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मिस्टर कॉलिन्स हे पाद्री आपल्या धनाढ्य आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या ‘कॉन्डिसेन्शन’चे गोडवे गातात. आज हा शब्द तुच्छतेने वागवण्यासाठी वापरतात. तेव्हा मात्र मोठ्या घरच्या माणसाने खालच्याशी आपुलकीने वागणं हा त्याचा अर्थ होता, आणि तो गुण मानला जाई. आजचा अर्थ धरला तर कॉलिन्स बाईंची निंदा करतायत असं वाटेल, आणि त्यांची लाचारी, जिच्यावर तो सगळा प्रसंग उभा आहे, ती नजरेतून सुटेल. अशा शब्दाखाली टिंब पडतच नाही. पात्राचा सूर आणि त्याचे शब्द एकमेकांशी जुळेनासे झाले, स्तुती चालू असताना मध्येच शिवी आल्यासारखं वाटलं, की त्या वाक्यातल्या सगळ्यात ओळखीच्या शब्दावर आधी संशय घ्यावा आणि तो जुने अर्थ देणाऱ्या कोशात पाहावा.