कर्जाची अंशतः मुदतपूर्व परतफेड: अर्जात ‘मुदत कमी’ लिहायचे की ‘हप्ता कमी’?

कर्जाच्या मध्येच हाताशी रक्कम आली आणि ती बँकेत भरायची ठरवली, तर अर्जातल्या एका ओळीवर बराच फरक पडतो. तो समजण्यासाठी आधी परतफेडीचा तक्ता वाचता यायला हवा.

समजा, 10 लाखांचे कर्ज आहे, व्याजदर वर्षाला 12 टक्के म्हणजे महिन्याला 1 टक्का आणि मुदत 120 महिने. हप्ता 14,347 येतो. पहिल्या महिन्याचे व्याज पूर्ण 10 लाखांवर, म्हणजे 10,000. उरलेले 4,347 मुद्दलात जातात. दुसऱ्या महिन्यात शिल्लक मुद्दल 9,95,653 झालेले असते, म्हणून व्याज 9,957 आणि मुद्दलात 4,390. हप्ता तोच, पण त्यातला व्याजाचा वाटा दरमहा थोडा घटतो आणि तेवढाच मुद्दलाचा वाढतो. मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला 52 वा हप्ता उजाडतो. दर न बदलता कर्ज शेवटपर्यंत चालले, तर एकूण व्याज सुमारे 7 लाख 22 हजार होते.

आता 24 हप्ते भरून झाल्यावर 1 लाख जादा भरायचे आहेत. तोवर 3 लाख 44 हजार भरले गेलेत, तरी शिल्लक मुद्दल 8,82,743 आहे. जादा भरणा केल्यावर ते 7,82,743 होईल. इथे दोन पर्याय असतात.

हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर उरलेल्या 96 हप्त्यांऐवजी 80 लागतात आणि त्यातला शेवटचाही छोटा असतो. वाचणारे व्याज सुमारे 1 लाख 40 हजार. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर तो 12,722 होतो आणि व्याज जेमतेम 56 हजार वाचते. रक्कम एकच, दिवसही एकच, तरी बचतीत अडीच पट फरक. कारण दुसऱ्या पर्यायात मुद्दल पूर्वीइतकाच काळ वापरात राहते. दरमहा ओढाताण होत असेल तर हप्ता कमी करणे योग्यच. नाहीतर मी मुदतच कमी करायला सांगेन. आणि हो, हाच लाख 84 व्या हप्त्यानंतर भरून मुदत कमी केली, तर बचत 37 हजारांच्या आसपास येते.

पात्रता करारनाम्यातच लिहिलेली असते. साधारणपणे आधीचे हप्ते थकलेले नसावेत, सुरुवातीचा बंदी कालावधी असल्यास तो उलटलेला असावा आणि रक्कम ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी नसावी. शुल्काचे कलमही पाहा. वरच्या उदाहरणात 2 टक्के शुल्क म्हणजे 2,000. सुरुवातीच्या वर्षांत ते परवडते, पण कर्ज संपत आले असताना हिशेब करूनच ठरवा.

कागदपत्रे थोडीच लागतात: कर्ज खाते क्रमांक टाकून सही केलेला अर्ज, ओळखपत्र आणि काही ठिकाणी पैसे कुठून आले याचा पुरावा. सहकर्जदार असेल तर त्याचीही सही मागतात.

आधी शिल्लक मुद्दलाचे विवरण घ्या. मग अर्जात स्पष्ट लिहा: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी आणि सुधारित तक्ता द्यावा.’ पर्याय लिहिला नाही, तर बँक आपल्या पद्धतीप्रमाणे तो ठरवते. पैसे भरल्यावर पोच घ्या. हप्ता कमी करून घेतला असेल, तर खात्यातून आपोआप कापली जाणारी रक्कमही बदलली आहे ना, हे विचारा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो जमा करण्यात. रक्कम मुद्दलातून वजा न होता पुढच्या हप्त्यांसाठीची आगाऊ रक्कम म्हणून खात्यात पडून राहते आणि व्याज जुन्याच शिलकीवर लागत राहते. ओळखायची खूण सोपी आहे: पुढच्या हप्त्यातले व्याज बघा. आपल्या उदाहरणात ते 8,827 वरून 7,827 वर यायला हवे, म्हणजे भरलेल्या लाखावरचा 1 टक्का, बरोबर 1,000 कमी. भरणा महिन्याच्या मधल्या तारखेला झाला आणि व्याज रोजच्या शिलकीवर लागत असेल, तर पहिल्या महिन्यात घट थोडी कमी दिसेल, पुढच्या महिन्यात पूर्ण दिसेल. दुसऱ्या महिन्यातही आकडा जुन्या तक्त्याप्रमाणेच असेल, तर पोच जोडून लेखी तक्रार करा आणि दुरुस्ती आजपासून नव्हे, तर रक्कम भरल्याच्या तारखेपासून मागा.