ड्रोनची सावली व पात्याचे टोक छायाचित्रातून काढणे

हवाई छायाचित्राच्या कोपऱ्यात ड्रोनची स्वतःची सावली किंवा प्रोपेलरच्या पात्याचे टोक आले, तर ते संपादनात काढून टाकण्याची प्रक्रिया. दोन्ही दोष कोपऱ्यातलेच असले तरी उपाय वेगळे आहेत. सावलीखालची जमीन चित्रात शिल्लक असते. पात्यामागचे मात्र काहीच उरलेले नसते.

सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. 24 मिमी समतुल्य भिंगाचा कॅमेरा सरळ खाली रोखला, तर चौकटीचे कोपरे मध्यापासून सुमारे 42 अंशांवर येतात. म्हणजे सूर्य क्षितिजापासून 48 अंशांहून वर चढला की सावली चौकटीत येऊ शकते. नागपूरला डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य 45 अंशांच्या आसपासच राहतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. याउलट 26 मेच्या सुमारास, शून्य सावलीच्या दिवशी, ती दुपारी थेट मध्यात येते, आणि सकाळी साडेनवाच्या आसपास कोपऱ्यात असते.

अशा सकाळी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेवर 20 मीटरवरून फोटो घेतला असे धरू. लहान ड्रोनचे धड जेमतेम 10 सेंटिमीटर रुंद. सूर्यबिंबाला स्वतःची रुंदी असल्याने एवढ्या वस्तूची पूर्ण गडद सावली साधारण 11 मीटरपर्यंतच टिकते. पुढे ती विरत जाते. म्हणून इथे दोन झाडांमधल्या मातीवर कडा पुसट झालेला करडा डाग दिसेल, दांड्या ओळखूही येणार नाहीत. त्यावर शेजारची माती क्लोन करणे हा आळशीपणा: ढेकळांची नक्षी दोनदा दिसते आणि चोरी पकडली जाते. रॉ फाइलमध्ये डागावर मऊ कडांचा मास्क टाकून एक्स्पोजर थोडे वाढवावे आणि रंग किंचित पिवळसर करावा, कारण सावलीत आकाशाचा निळा उजेड जास्त असतो. कडेला उजळ कंकण दिसले तर मास्क मोठा झाला आहे. डाग गेल्यावरही तिथला भाग आजूबाजूपेक्षा उजळ वाटतो. त्या दिशेला झाडा-ढेकळांच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात, म्हणून. तो उजेड खरा आहे, तो तसाच ठेवावा.

पात्याचे टोक बहुधा वरच्या कोपऱ्यात येते. वेगात पुढे जाताना ड्रोन नाक खाली करतो, गिंबल मात्र कॅमेरा समतल धरून ठेवतो, मग पुढची पाती चौकटीत उतरतात. थांबून, कॅमेरा दहाएक अंश खाली झुकवून फोटो घेतला की बहुतेक वेळा टळते. आलेच तर कापणे उत्तम. मोकळे आकाश असेल तर त्याच उंचीच्या पट्ट्यातून क्लोन करावे, कारण आकाशाची छटा क्षितिजाकडे बदलत जाते. वरचा निळा खाली आणला की ठिगळ दिसते. पात्यामागे इमारत असेल तर क्लोन म्हणजे कल्पनेने बांधकाम, आणि बातमीच्या फोटोत ते चालत नाही. मोजणीच्या नकाशासाठी काढलेल्या फोटोंत तर काहीच रंगवू नये. कोपरा मास्क करून सोडला की शेजारच्या फोटोंतली तीच जागा नकाशात भरली जाते.