सोंगट्या जास्त असूनही स्कोअर मायनस का? आपल्या ऑथेल्लो अ‍ॅपमधल्या तीन स्लायडरांची माहिती

अ‍ॅप घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच बहुतेकांचा फोन येतो तो एकाच गोष्टीसाठी, की माझ्या पटावर २० सोंगट्या आहेत, कॉम्प्युटरच्या ९ आणि तरी वरच्या पट्टीत माझा स्कोअर मायनस दाखवतोय, अ‍ॅप बिघडलंय का. बिघडलेलं नाही. तो आकडा म्हणजे सोंगट्यांची मोजणी नसून आत्ता पट जसा दिसतोय तसाच, पुढची एकही चाल न खेळता, कोणाची बाजू किती बरी आहे याचा अंदाज आहे. यालाच स्टॅटिक इव्हॅल्युएशन म्हणतात. कॉम्प्युटर काही चाली पुढे विचार करतो आणि जिथे थांबतो तिथल्या प्रत्येक पटाला हा आकडा देऊन सगळ्यात बरी वाट निवडतो. आकडा चुकीचा असेल तर कितीही पुढचं बघितलं तरी चुकीच्याच वाटेला लागणार.

सेटिंगमधले तीन स्लायडर म्हणजे त्या आकड्याचे तीन भाग: सोंगट्या, चाली आणि घरं. प्रत्येकात आपलं वजा समोरच्याचं करायचं, त्याला स्लायडरच्या आकड्याने गुणायचं आणि बेरीज. एवढंच.

```
score = wS*(myDiscs - oppDiscs)
      + wM*(myMoves - oppMoves)
      + wG*(mySquares - oppSquares)
```

आता सोंगट्यांचं बघा. ऑथेल्लोत चाल तेव्हाच होते जेव्हा समोरच्याची सोंगटी दोन्ही बाजूंनी कोंडून उलटवता येते. म्हणजे तुमच्या चाली येतात त्याच्या सोंगट्यांतून आणि त्याच्या चाली येतात तुमच्या. तुम्ही पट आपल्या रंगाने भरून टाकला की त्याला उलटवायला भरपूर मिळतं आणि तुम्हाला काहीच उरत नाही, मग नको असलेल्या घरात सोंगटी ठेवायची वेळ येते. म्हणून खेळाच्या पहिल्या अर्ध्यात आपण सोंगट्यांचा स्लायडर −१ वर ठेवलाय. हो, मायनस एक. लोकांना हे पटायला वेळ लागतो आणि काही जण तो ५ वर नेऊन ठेवतात, मग कॉम्प्युटर सुरुवातीला हावरटासारखा खेळतो आणि शेवटी सपाटून हरतो.

चालींचा स्लायडर १० वर आहे, म्हणजे समोरच्यापेक्षा एक चाल जास्त असली की १० गुण. हा भाग खरोखर काम करतोय का ते अगदी सुरुवातीच्या पटावर हाताने मोजून बघता येतं. काळ्याने पहिली चाल f5 केली की पांढऱ्यापुढे तीनच पर्याय असतात: f6, d6 आणि f4. तिन्हीनंतर सोंगट्या ३-३ होतात, तेव्हा तो भाग शून्य. सहाच्या सहा सोंगट्या मधल्या १६ घरांत असतात जिथे प्रत्येक घराला −१ आहे, तेव्हा तोही शून्य. उरल्या फक्त चाली. पांढऱ्याच्या बाजूने मोजू, आणि दोघांच्याही चाली याच पटावर "आत्ता पाळी असती तर" अशा मोजायच्या. f6 नंतर पांढऱ्याला ५ चाली (c5, d6, e3, f4, g5) आणि काळ्याला ४ (c4, d3, e6, f7), म्हणजे +१०. f4 नंतर ५-५, म्हणजे ०. d6 नंतर पांढऱ्याला ४ आणि काळ्याला ५, म्हणजे −१०.

आता गंमत अशी की अनुभवी खेळाडूंना विचारलं तर f6 आणि d6 दोन्ही चांगल्या आणि f4 तेवढी कच्ची. म्हणजे आपल्या आकड्याने f6 बरोबर उचलली पण d6 ला उगाच शेवटी बसवलं. एका चालीचा फरक हा इतक्या लवकर फारच बारीक असतो, पाच-सहा चाली पुढे जाऊन मोजलं की बऱ्याचदा निवळतो. म्हणून "लेव्हल १" वर कॉम्प्युटर विचित्र खेळला तर स्लायडर हलवायच्या आधी लेव्हल वाढवून बघा.

तिसरा भाग घरांचा आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पटाचे चार कोपरे एकसारखे असल्याने एका कोपऱ्याचा तक्ता पुरतो, बाकीचे तीन आरशासारखे:

```
100 -20  10   5
-20 -50  -2  -2
 10  -2  -1  -1
  5  -2  -1  -1
```

कोपऱ्यातली सोंगटी कधीच उलटत नाही म्हणून १००. चालींच्या हिशोबात ते दहा चालींइतकं झालं, आणि हे प्रमाण सांभाळावं लागतं, कोपऱ्याला १००० दिले तर बाकी दोन स्लायडर असून नसल्यासारखे. कोपऱ्याला तिरकं लागून असलेलं b2 सारखं घर −५०, कारण तिथे सोंगटी ठेवली की समोरच्याला a1 मिळायचा रस्ता उघडतो.

पण हा तक्ता जसाच्या तसा ठेवला तर काय होतं बघा. समजा b2 आणि c3 वर काळ्या सोंगट्या आहेत, d4 वर पांढरी आणि a1 रिकामं. पांढऱ्याने a1 वर खेळावं आणि दोन्ही उलटवाव्यात हे लहान पोरालाही दिसेल. फक्त ही चार घरं धरून पांढऱ्याचा आकडा काढू. आधी: पांढऱ्याचे −१, काळ्याचे −५०−१ म्हणजे −५१, फरक +५०. a1 खेळल्यावर: १००−५०−१−१ म्हणजे ४८, काळ्याचं तिथे काही नाही, फरक +४८. म्हणजे कोपरा घेतल्यावर आकडा दोनने उतरला! असा तक्ता वापरणारा प्रोग्राम फुकटचा कोपरा सोडून दुसरीकडे खेळतो. b2 वाईट होतं ते फक्त a1 रिकामं होतं तोवर, आणि तक्त्याला हे माहीतच नाही. उपाय दोन ओळींचा आहे, दर पटासाठी तक्त्याची नवी कॉपी घ्यायची आणि:

```
if (board[A1] != EMPTY)
    w[A2] = w[B1] = w[B2] = 0;
```

चारही कोपऱ्यांना हेच. मग वरच्या उदाहरणात a1 नंतरचा आकडा ९८ येतो, म्हणजे ४८ ने वर. आपल्या अ‍ॅपमध्ये हे आतूनच होतं, पण "स्वतःचा तक्ता" मध्ये तुम्ही आकडे बदलले आणि "कोपरा भरल्यावर शेजार शून्य" ची टिक काढली तर नाही होणार.

स्वतःचा तक्ता भरलात तर दोन तपासण्या जरूर करा, बटण तिथेच आहे. एक, रंगांची अदलाबदल केली की काळ्याच्या बाजूने काढलेला आकडा तेवढाच पण उलट चिन्हाचा यायला हवा. दोन, पट फिरवला तर आकडा बदलता कामा नये. बदलला तर कुठल्यातरी एका कोपऱ्यात टायपिंगची चूक आहे, बहुतेक वेळा मायनस राहून गेलेला असतो.

हाताने ठरवलेल्या वजनांची मर्यादा आहेच. १९९७ मध्ये लॉजिस्टेलो या प्रोग्रामने त्यावेळचा जगज्जेता ताकेशी मुराकामीला ६-० ने हरवलं, त्यात एकेका घराची नाही तर कडा, तिरप्या रांगा असे अख्खे तुकडे धरून वजनं होती आणि ती ढीगभर खेळांवरून कॉम्प्युटरनेच काढलेली. आपलं अ‍ॅप त्या पातळीचं नाही आणि या किमतीत असणारही नाही, घरी खेळून शिकायला मात्र हे तीन आकडे जास्त बरे कारण का जिंकलो का हरलो ते वाचता येतं.

शेवटची १२ घरं रिकामी राहिली की तिन्ही स्लायडर आपोआप फिके होतात आणि हलत नाहीत. तिथून अ‍ॅप सगळ्या चाली अखेरपर्यंत खेळून बघतं, अंदाजाची गरजच नसते, आणि वरच्या पट्टीत जो आकडा दिसतो तो दोघांनी बिनचूक खेळलं तर सोंगट्यांचा खरा फरक किती राहील तो.